लोन बाकी असलेली जुनी गाडी घेताय? आधी बोजा उतरवून घ्या, मग नावावर करा

जुनी गाडी बघायला गेलात, गाडी आवडली, भावही जमला आणि निघता निघता मालक सहज बोलून जातो, "थोडं लोन बाकी आहे, ते मी भरून टाकतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका." इथेच थांबायचं. गाडी सोडून द्या असं नाही म्हणत मी, लोनवाल्या गाड्या चांगल्या असतात आणि बऱ्याचदा भावातही बऱ्या पडतात, पण इथून पुढे पैसे कोणत्या क्रमाने द्यायचे ते ठरवल्याशिवाय एक रुपया हलवायचा नाही. मी स्वतः अशी एक हॅचबॅक घेतली, 4,60,000 ला, आणि सगळं नीट होऊनही मला पावणेदोन महिने लागले, तर ज्यांना पहिल्यांदाच घ्यायची आहे त्यांच्यासाठी मी कसं कसं केलं आणि कुठे अडलो ते लिहितोय.

आधी बोजा म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. कर्ज काढून गाडी घेतली की आरसीवर मालकाच्या नावासोबत बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचंही नाव चढतं, त्याला हायपोथिकेशन म्हणतात, आरटीओबाहेर सगळे नुसतं एचपी म्हणतात. गाडी मालकाकडेच असते, चालवतो तोच, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय ती गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे दिले, चावी घेतली, विकणाऱ्याने गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या पण करून दिल्या तरी रेकॉर्डवर गाडी त्याचीच राहते. आणि त्याने हप्ते थकवले तर बँकेची माणसं गाडी शोधत तुमच्या दारात येतात, कारण त्यांचा करार गाडीवर आहे, गाडी सध्या कोण चालवतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

आता पहिलं काम, लोन खरंच किती आणि कोणाचं आहे ते बघणं. मालकाकडून आरसीचा फोटो घ्या, आणि त्याला त्याच्याच फोनवर एमपरिवहन किंवा डिजीलॉकर उघडून दाखवायला सांगा, फायनान्सरचं नाव तिथे येतं. दोन्हीकडे बघायचं कारण असं की हातातली आरसी जुनी असू शकते, खरं रेकॉर्ड ऑनलाइनवालं. त्यात तीन प्रकार निघतात. एक, लोन कधीच संपलंय पण मालकाने आळसापोटी बँकेचं नाव काढलंच नाही, हे सगळ्यात जास्त बघायला मिळतं आणि यात फक्त कागद गोळा करायचा असतो. दोन, लोन चालू आहे, माझी केस हीच होती. तिसरा प्रकार फसवा, आरसीवर एका बँकेचं नाव आणि हप्ता जातोय दुसऱ्याच कंपनीला, कारण मधे त्याने लोन दुसरीकडे फिरवलं किंवा गाडीवर टॉपअप काढला. म्हणून मालकाला सरळ विचारा की हप्ता कोणाच्या नावाने कापला जातो, आणि बँक स्टेटमेंटमधली ती एक ओळ दाखवायला सांगा. आरसीवरचं नाव आणि त्या ओळीतलं नाव जुळलं नाही तर दोन्हीकडचे कागद लागणार हे धरून चाला.

अजून एक, आरसीवर देना बँक, सिंडिकेट बँक, कॉर्पोरेशन बँक अशी नावं दिसली तर घाबरू नका. देना आणि विजया 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट 2020 मध्ये कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. एनओसी, म्हणजे लोन फिटलं, बोजा काढायला आमची हरकत नाही असं बँकेचं पत्र, आता नवीन बँक देते, फक्त त्यात आधीची बँक अमुक होती आणि ती आमच्यात विलीन झाली असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर आरटीओच्या खिडकीवरचा माणूस म्हणतो आरसीवर नाव वेगळं, पत्रावर वेगळं, आणि तुमची एक फेरी फुकट.

लोन चालू असेल तर आता मालकाला फोरक्लोजर लेटर आणायला सांगा, म्हणजे लोन मुदतीआधी बंद करायला एकूण किती भरायचे ते सांगणारं बँकेचं पत्र. हे त्यालाच मिळतं, तुम्हाला नाही, कारण लोन त्याच्या नावावर आहे. आमचे गाडीवाले काका रिटायर झालेले, फोनवर म्हणाले "एक लाख ऐंशी हजाराच्या आसपास आहे", मी म्हटलं काका आसपास नको, आपण दोघं शाखेत जाऊ. गेलो. पत्रात आकडे असे होते, उरलेलं मुद्दल 1,78,600, त्यावर 4 टक्के फोरक्लोजर चार्ज म्हणजे 7,144, त्या चार्जवर 18 टक्के जीएसटी 1,286, आणि शेवटच्या हप्त्यापासून 12 दिवसांचं व्याज 558, एकूण 1,87,588. खाली एक तारीख, त्या तारखेपर्यंत हा आकडा चालेल, त्यानंतर रोज साधारण 46 रुपये वाढणार. बघा, तोंडी आकडा आणि खरा आकडा यात साडेसात हजाराचा फरक, आणि हा फरक कोणी भरायचा यावरून ऐनवेळी वाद होतात. फोरक्लोजर चार्ज प्रत्येक बँकेचा वेगळा असतो, लोन किती जुनं आहे त्यावरही ठरतो, काहींचा नसतोही, पण ठरलेल्या किमतीतूनच तो जाईल, म्हणजे विकणाऱ्याच्या खिशातून, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या. काका लगेच हो म्हणाले, पण सगळे म्हणत नाहीत.

पत्र हातात आलं की त्यावर चार गोष्टी बघा, लोन अकाउंट नंबर, गाडीचा नंबर, पत्र किती तारखेपर्यंत चालतं आणि पैसे कुठल्या खात्यात भरायचे. काही ठिकाणी त्या लोनपुरता वेगळा खाते नंबर देतात, तो पत्रावर छापलेलाच असला पाहिजे, कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या नंबरवर भरू नका.

त्याच टेबलावर अजून एक प्रश्न विचारायचा, आणि हा बहुतेक लोक विचारत नाहीत. "हे लोन बंद झालं की एनओसी लगेच निघेल ना, की यांच्या नावावर तुमच्याकडे अजून काही येणं आहे?" मी हे तेव्हा विचारलं नव्हतं. पैसे भरले, लोन खातं शून्य झालं, आणि तीन आठवड्यांनी कळलं एनओसी अडकवून ठेवलीये कारण काकांच्या नावावर त्याच बँकेचं एक क्रेडिट कार्ड होतं, चार वर्षांत वापरलंच नाही, त्याची वार्षिक फी आणि त्यावरचा दंड मिळून 3,840 रुपये चढलेले. काकांना कार्ड आहे हेच आठवत नव्हतं. लोनच्या करारात बँका असं कलम टाकून ठेवतात की कर्जदाराचं दुसरं कुठलंही येणं असेल तर तारण सोडणार नाही, मग ते पर्सनल लोन असो, कार्ड असो किंवा दुसऱ्याच्या लोनला जामीन राहिलेला असो. काकांनी कार्डाचे पैसे भरले, कार्ड बंद केलं, एनओसी निघाली, पण माझे 1,87,588 त्या मधल्या काळात बँकेत जाऊन बसले होते आणि गाडी ना माझी ना त्यांची. त्यामुळे विकणाऱ्याला आधीच सांगा, तुमची त्या बँकेतली सगळी खाती, कार्डं, जामीनकी एकदा कस्टमर आयडीवर चेक करून घ्या.

आता पैसे. माझं साधं म्हणणं आहे, लोनचे पैसे विकणाऱ्याच्या हातात किंवा त्याच्या सेव्हिंग खात्यात कधीच द्यायचे नाहीत, थेट लोन खात्यात भरायचे. माणूस चांगला असला तरी, कारण सेव्हिंगला पैसे पडले की कुठलातरी दुसरा हप्ता, मुलाची फी, काहीतरी कापलं जातं आणि मग लोन भरायला चार हजार कमी पडतात. काकांशी मी लिहून केलं ते असं, टोकन 10,000, बँकेत थेट 1,87,588, एनओसी आणि सही केलेले फॉर्म हातात आले की गाडी ताब्यात घेताना 2,22,412, आणि शेवटचे 40,000 ऑनलाइन रेकॉर्डवरून बँकेचं नाव निघाल्यावर आणि गाडी माझ्या नावावर आल्यावर. बेरीज केली तर 4,60,000 बरोबर होते. हे चार टप्पे, फोरक्लोजर चार्ज कोणाचा, आणि एनओसी निघालीच नाही तर काय, हे सगळं स्टॅम्प पेपरवर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. एनओसी नाही निघाली तर मी बँकेत भरलेले पैसे किती दिवसांत परत करायचे तेही लिहा, कारण त्या क्षणी तुम्ही दुसऱ्याचं कर्ज फेडलेलं असतं आणि हातात फक्त हा कागद असतो. शेवटचे पैसे अडवून ठेवायला विकणारे कधीकधी तयार नसतात, तेव्हा त्यांना सांगा की नाव बदलेपर्यंत उद्या अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी रेकॉर्डवरच्या मालकावरच येते, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, म्हणजे ट्रान्सफर लवकर होण्यात त्यांचाही जीव मोकळा होतो. काकांना हे पटलं, त्यांनी उलट मलाच रोज फोन करून विचारायला सुरुवात केली.

पैसे भरताना हप्त्याची तारीख बघा. काकांचा हप्ता 5 तारखेला कापला जायचा आणि आम्ही त्याआधीच भरले, तरी 5 ला हप्ता गेलाच कारण ऑटो डेबिट बंद व्हायला वेळ लागतो. जास्तीचा हप्ता बँक कर्जदाराला परत करते, तुम्हाला नाही, त्यामुळे तो कोणाचा हे बोलून ठेवा (आमच्यात तो काकांचाच होता, त्यांच्याच खात्यातून गेलेला). एनईएफटीची पावती जपून ठेवा, आणि दोन तीन दिवसांनी मालकाकडून लोन बंद झाल्याचं स्टेटमेंट मागा, ज्यात बाकी शून्य दिसते. मात्र शून्य बाकीचं स्टेटमेंट म्हणजे एनओसी नव्हे, आरटीओत ते चालत नाही.

एनओसी बहुतेक वेळा कर्जदाराच्या बँकेत नोंदवलेल्या पत्त्यावर पोस्टाने जाते. काकांनी घर बदललेलं, पत्ता जुनाच, पत्र जुन्या घरी जाऊन परत आलं, मग परत शाखेत फेरी. म्हणून फोरक्लोजरच्या दिवशीच पत्ता आणि मोबाईल नंबर बँकेत अपडेट करायला लावा. बँक फारच टाळाटाळ करत असेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा, 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे, वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. तक्रार अर्थात कर्जदारानेच करायची असते.

एनओसीचं पाकीट आलं की फाडून नुसतं बघून ठेवून देऊ नका, आरसी शेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर जुळवा. मालकाचं नाव, गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर. एका ओळखीच्यांच्या एनओसीत चेसिस नंबरात शून्याच्या जागी ओ पडलेला, वाचताना लक्षातही येत नाही, पण अर्ज परत आला. सोबत फॉर्म 35 असतो, बोजा उतरवायचा अर्ज तोच, शक्यतो दोन प्रती, त्यावर बँकेची सही शिक्का पाहिजे आणि मालकाचीही सही. आणि एनओसीवर मुदत छापलेली असते, साधारण तीन महिने, ती उलटली तर बँकेकडून परत नवी तारीख टाकून घ्यावी लागते आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. लोन पाच वर्षांपूर्वी संपलंय आणि एनओसी कपाटात आहे असं मालक म्हणाला की पहिलं हेच बघा.

मग बोजा उतरवणं. हा अर्ज विकणाऱ्याच्या नावाने होतो कारण अजून मालक तोच. parivahan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून आत जायचं, `Hypothecation Termination` निवडायचं, ओटीपी येतो तो रेकॉर्डवर जो मोबाईल नंबर आहे त्यावर. बरेच लोक इथेच अडकतात, कारण गाडी घेताना शोरूमवाल्याने भलताच नंबर टाकलेला असतो किंवा मालकाचा तो नंबर बंद पडलाय. आधी मोबाईल नंबर अपडेट करण्याचा अर्ज, मग हा. आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळत नसेल, एकीकडे वडिलांचं नाव आहे एकीकडे नुसतं आद्याक्षर, तर घरबसल्या आधारवरून होणारा मार्ग चालत नाही आणि कागद घेऊन आरटीओत जावं लागतं. काही बँका एनओसी सरळ ऑनलाइन पाठवतात, तसं असेल तर काम लवकर उरकतं, पण छापील प्रत तरी घेऊन ठेवाच. कागद म्हणजे एनओसी, फॉर्म 35, मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा. फी ऑनलाइन भरायची, पावती डाउनलोड करायची.

बोजा उतरवणं आणि नावावर करणं हे दोन्ही अर्ज एकत्र टाकता येतात आणि एजंट लोक तसंच करतात. मी मुद्दाम वेगळं केलं. एकत्र टाकलं आणि एनओसीत काही चूक निघाली तर सगळंच लटकतं, आणि तोपर्यंत तुम्ही बहुतेक पैसे देऊन बसलेले असता. आधी एचपी काढली, काकांच्या फोनवर परत उघडून बघितलं की फायनान्सरचा रकाना रिकामा झालाय, मग दुसऱ्या दिवशी ट्रान्सफरचा अर्ज. फक्त अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला एवढ्यावर समाधान मानू नका, रेकॉर्ड उघडून बघा. तुम्ही स्वतः लोन काढून गाडी घेत असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तुमची बँक विकणाऱ्याच्या बँकेला पैसे देते आणि जुना बोजा उतरवणं, नाव बदलणं, नवा बोजा चढवणं एकाच वेळी होतं, तुमची बँक सांगेल तसं करा.

ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30 लागतात, 30 वर दोघांच्या सह्या. विकणाऱ्याने एकाच राज्यातल्या व्यवहारात 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. त्याआधी बाकी असलेले ई-चलान बघून घ्या, काकांचे सिग्नलचे दोन होते, 1,000 च्या आत, पण ते भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म 28 ची वेगळी एनओसी लागते, ती आरटीओची, बँकेची नाही, लोक दोन्हीला एनओसीच म्हणतात म्हणून गोंधळ होतो.

शेवटी इन्शुरन्स, इथे लोक आरसी हातात आली की खूश होऊन विसरतात. बँकेचं नाव पॉलिसीवर पण असतं. ते तसंच राहिलं आणि गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर क्लेमच्या पैशावर आधी त्या बँकेचं नाव येतं, मग परत त्यांच्याकडून पत्र आणत बसा. त्यामुळे बँकेच्या एनओसीची एक प्रत इन्शुरन्स कंपनीला द्या आणि पॉलिसीवरून नाव काढून घ्या, आणि ट्रान्सफर झाल्यापासून 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी तेवढं आपोआप तुमच्याकडे येतं पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा, तो त्याच्यासोबत जातो, म्हणून कंपनी तुमच्याकडून तेवढा फरक मागते, ते फसवणूक समजू नका.

माझ्या केसमध्ये पैसे भरल्यापासून एनओसी हातात यायलाच 38 दिवस गेले, कार्ड आणि जुना पत्ता यामुळे, आरटीओचं दोन्ही मिळून दोन आठवडे. नवीन आरसीवर माझं नाव आणि फायनान्सरचा रकाना रिकामा बघितला, फोटो काढून काकांना पाठवला आणि तिथल्या तिथे त्यांचे 40,000 टाकले.